खऱ्या दगडाचा खोटा रंग

बँकेच्या बदलीने आम्ही जयपुरात राहत होतो. नणंदबाई पुण्याहून आल्या आणि जोहरी बाजारातल्या एका दुकानात जेडच्या हिरव्यागार लॉकेटवर भाळल्या. आमच्या ह्यांनी त्या खड्याने काचेवर ओरखडा काढला आणि निकाल दिला, "अस्सल जेडाइट! जेडमधलं सगळ्यात महागडं!" बँकेत बसून रत्नपरीक्षाही येते, हे मला तेव्हा समजलं.

तरी मी हट्टाने ते शेजारच्या ओळखीच्या जोहरींना दाखवलं.

"साहेब, काचेवर ओरखडा तर नेफ्राइट, म्हणजे जेडचा स्वस्त प्रकार, तोही काढतो," जोहरी म्हणाले. त्यांनी खडा आधी हवेत, मग पाण्यात तोलला. "वजन जेडाइटचंच आहे. रंग मात्र चढवलेला, उन्हात उडेल." भिंगातून मी पाहिलं. हिरवा रंग बारीक भेगांमध्ये जाळ्यासारखा साचला होता.

त्यांनी न रंगवलेला नेफ्राइट पुढे ठेवला.

"ही तर शिळी पालकाची भाजी!" नणंदबाई म्हणाल्या. "आणि पुण्यात भिंग घेऊन कोण फिरतंय?"

त्यांनी रंगवलेलंच घेतलं. दोन-तीन वर्षांत ते पिवळट पडलं. त्यांनी पुण्याच्या उन्हाला दोष दिला. त्यांचं निदान पहिल्यांदाच बरोबर ठरलं.