तात्याची शेवटची दोन मिनिटं

रिहे गावच्या साळूबाईला लिहितावाचता येत नव्हतं, पण रेडिओवर आता कोण बोलणार हे ती त्या माणसानं तोंड उघडायच्या आधी सांगायची. यात थाप काही नाही. साठ सालची गोष्ट आहे, आणि गावात अजून त्याची साक्ष द्यायला पाचपन्नास माणसं मिळतील. तिचे डोळे चुलीच्या धुरानं सदानकदा गळत असत, म्हणून ती ते मिटूनच बसायची. मिटलेल्या डोळ्यांची माणसं ऐकतात फार. आपण उघड्या डोळ्यांची माणसं नुसती बघत बसतो.

रेडिओ शाळेत होता. वाल्मीक गुरुजींनी तो टेबलावर ठेवलेला, त्याची बॅटरी भरून आणायला घोटावड्यापलीकडं जावं लागे. संध्याकाळी गावकऱ्यांचा कार्यक्रम लागला की पुरुष वर्गात बसायचे आणि बायका बाहेर पडवीत. कार्यक्रम संपला की चर्चा करायची, कुणाला काही विचारायचं असलं तर गुरुजींनी पत्र लिहून पुण्याला धाडायचं, असा सरकारी शिरस्ता होता. चर्चा कमी आणि भांडणं जास्त व्हायची, पण गुरुजी वहीत 'सविस्तर चर्चा झाली' असंच लिहायचे.

सोमवारी 'घर सुधारा' लागायचं. त्यात दादासाहेब नावाचे गृहस्थ कुठल्या तरी गावातल्या एका घरी जायचे. पहिल्यांदा घर जसं असेल तसं सांगायचे, अंधार किती, धूर किती, दारातलं सांडपाणी कुठं तुंबतंय. मग एकेक बदल सुचवायचे. प्रत्येक बदलाला खोडा घालायला तात्या नावाचा एक म्हातारा हजर असायचा. शेवटी दादासाहेब त्याच घरात पुन्हा जायचे आणि घर ओळखू येईनासं झालेलं असायचं. बुधवारी इंदूताईंचं हातकाम. कधी सुतळीची पिशवी, कधी गोधडीची किनार. बाई प्रत्येक माप दोनदा सांगायच्या, "आता सुई ओवून घ्या" म्हणायच्या आणि मग सुई ओवून होईपर्यंत बासरी वाजायची. गुरुवारी 'जमीनजुमला'. त्यात वकीलसाहेब लोकांची पत्रं वाचून वाटणी, बांध, वहिवाट, वारसा यांवर उत्तरं द्यायचे आणि दर उत्तरापाठी म्हणायचे, "हा सर्वसाधारण सल्ला झाला. कागद पाहिल्याशिवाय खात्रीनं सांगता येणार नाही."

आता ही माणसं ओळखायची कशी, तर गावात प्रत्येकाचं शास्त्र निराळं. कोंडिबा म्हणायचा, पेटीत एकच माणूस हाय, त्योच सगळे आवाज काढतो. रंभाबाईला वाटायचं, इंदूताई ही दादासाहेबांची बायको. साळूबाई हसायची. दादासाहेब बोलायच्या आधी हसतात, ते श्वासात कळतं, असं ती सांगे. इंदूताई बांगड्या मागं सारून हात टेबलावर टेकतात. आणि वकीलसाहेब महत्त्वाचा शब्द आला की त्याच्या आधी एक आवंढा गिळतात.

साळूबाईला काय हवं होतं, तर खिडकी. चुलीच्या मागच्या भिंतीला दीड हाताची एक खिडकी. दादासाहेबांनी तर सांगितलंच होतं, चुलीच्या वर, छातीच्या उंचीला पाडा म्हणजे धूर वरच्या वर जातो. दोन्ही डोळ्यांवर सारा, म्हणजे पांढुरका पडदा, येत चालला होता, तांदूळ निवडताना खडा बोटाला लागायचा, नजरेला नाही. आणखी चार वर्षं असाच धूर खाल्ला तर आपण आंधळी होणार, हे तिला स्वच्छ कळत होतं.

पण नवरा म्हणजे गेणबा. गेणबाची श्रद्धा तात्यावर. दादासाहेब खिडकी म्हणाले की रेडिओतला तात्या कडाडायचा, "खिडकी? चोर शिरंल! वारं शिरंल! आमच्या बापजाद्यानं कवा पाडली न्हाई!" गेणबा मांडीवर थाप मारून म्हणायचा, "ह्याला म्हनत्यात मानूस!" आणि तेवढ्यात उठायचा, कारण त्याची म्हैस वेळेची पक्की होती, धार काढायला उशीर झाला तर ती पान्हा चोरायची. वीस मिनिटांच्या कार्यक्रमातून गेणबा अठराव्या मिनिटाला घरी. तीन वर्षं हेच.

आणि दर सोमवारी, न चुकता, शेवटच्या दोन मिनिटांत तात्या म्हणायचा, "बरं बाबा, पटलं! उद्याच गवंड्याला सांगावा धाडतो."

साळूबाईनं हे नवऱ्याला शंभरदा सांगितलं. "अवं, तात्या शेवटाला ऐकतोय."

"तात्या तसला मानूस न्हाई," गेणबा म्हणायचा. "तू दुसऱ्या कुनाचं ऐकलं असशील."

शिवाय भिंतीच्या पलीकडं धाकट्या भावाचं, कुशाबाचं परसदार. वाटणी होऊन सहा वर्षं झालेली, भावाभावांत बोलणं मीठमिरचीपुरतं. खिडकी पाडली तर कुशाबा कोर्टात जाईल, ही गेणबाची दुसरी ढाल. तेव्हा साळूबाईनं गुरुजींकडून वकीलसाहेबांना पत्र लिहवून घेतलं.

पाचव्या गुरुवारी उत्तर आलं. तिचं पत्र पहिलंच निघालं, गेणबा धारेला उठायच्या आधी, त्यामुळं तो कोंडीत सापडला. "रिहे येथील एक भगिनी विचारतात," वकीलसाहेबांनी सुरू केलं. भिंत सामाईक असती तर दोघांची संमती लागली असती. पण ती वाटणीत पूर्ण तुमच्याकडं आली असेल तर खिडकीला शेजाऱ्याची परवानगी लागत नाही. मात्र फळ्या आत उघडाव्यात, शेजाऱ्याच्या हद्दीवर नाही. आणि हेही ध्यानात ठेवा, शेजाऱ्यानं आपल्या जागेत भिंत उभारून उजेड अडवला, तर वीस वर्षं अखंड उजेड घेतलेला असल्याशिवाय तुम्हाला तक्रार करता येत नाही. मग आवंढा, आणि "हा सर्वसाधारण सल्ला झाला."

सगळी शाळा गेणबाकडं बघायला लागली. गेणबा पडला तरी नाक वर. "कायदा म्हनतो पाड, तात्या म्हनतो नगं. मी तात्याचं ऐकनार. वकील काय, शहरातला मानूस. तात्याच्या घरला बैलं हायेत."

पडवीतून साळूबाई म्हणाली, "वकीलसायेब आन् तात्या एकच मानूस हाय."

असा हशा पिकला की छपरावर कावळा असता तर उडाला असता. शेजारी बसलेल्या सगुणाबाईनं तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. साळूबाई बधली नाही. "तात्याबी चोर म्हनायच्या आधी आवंढा गिळतोय. आवाज बदलंल, आवंढा कसा बदलंल?"

गेणबा उभा राहिला. "त्ये दोघं एक निगाले, तर ह्या हातानं भित पाडीन! सगळ्यांच्या देखत सांगतोय!" गुरुजींनी वहीत लिहिलं, सविस्तर चर्चा झाली.

माघात पुण्याहून रेडिओची गाडी आली. गावातली चर्चा यंत्रावर धरून न्यायची होती. शाळेपुढं गाव लोटलं. गाडीतून आधी एक धिप्पाड गृहस्थ उतरला, लाल पटका, ओठांवर पिळदार मिशी. गेणबाच्या डोळ्यांत पाणीच आलं. पुढं होऊन त्यानं थेट पायांवर डोकं ठेवलं. "तात्या! तुमी व्हता म्हनून आमची घरं जाग्यावर हायेत!"

"मी डायव्हर हाय, पाव्हणं," तो म्हणाला आणि पाय मागं घेतला.

मग इंदूताई उतरल्या, त्यांच्यामागून यंत्र घेऊन एक तारखात्यातला वाटावा असा किडकिडीत तरुण, जाड भिंगांचा चष्मा, वय तीसच्या आत. कुणी त्याच्याकडं बघितलंही नाही. त्यानं पडवीशी येऊन साध्या पुणेरी आवाजात विचारलं, "बाई, जरा पाणी मिळेल का?" आणि 'पाणी'च्या आधी आवंढा गिळला.

साळूबाईचे डोळे मिटलेलेच होते. तिनं तांब्या पुढं केला आणि म्हणाली, "घ्या, वकीलसायेब."

पोराच्या हातून पाणी सांडलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"आता तात्या होऊन दावा. माझा मालक हितं उभा हाय."

इंदूताई हसायला लागल्या. त्या म्हणाल्या, "दाखवा हो, आमच्याकडं माणसं तीन आणि पात्रं नऊ आहेत, लपवायचं काय!" तरुणानं चष्मा काढला, खांदे पाडले, आणि त्या फासळ्यांच्या सापळ्यातून साठ वर्षांचा म्हातारा गरजला, "खिडकी? चोर शिरंल! वारं शिरंल!" लगेच ताठ होऊन, "भिंत तुमच्या वाटणीची असेल तर परवानगी लागत नाही." कोंडिबा म्हणाला, "मी म्हनलंच व्हतं."

गेणबाचं तोंड उतरलं होतं. त्याचा देव होता तो. मेलेल्या माणसाची चौकशी करावी तशा आवाजात त्यानं विचारलं, "मग खिडकीचं तात्याचं खरं मत काय हाय, सायेब?"

"मत कसलं? तात्यानं आधी नाही म्हणायचं आणि शेवटी ऐकायचं. लोकांच्या मनातल्या शंका त्याच्या तोंडून निघतात आणि दादासाहेब त्या फेडतात. दर वेळी तसंच असतं."

"दर येळी?"

"दर वेळी. शेवटची दोन मिनिटं."

"तवा मी धारंला असतोय," गेणबा म्हणाला, आणि पहिल्यांदाच गाव त्याच्यावर हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पहार घेतली. बोललेला शब्द मागं घेणारा तो नव्हता, एवढं त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. मारणार तोच साळूबाई आडवी आली. "आदी खालनं मारायचं न्हाई. दादासायेबांनी सांगितलंय. वर खाच पाडून लाकूड बशिवायचं, वजन त्येच्यावर घ्यायचं, आन् मग खालचं काडायचं. न्हाईतर भित डोसक्यात." गेणबा गुपचूप ऐनाच्या लाकडाचा तुकडा घेऊन आला. ती सांगत गेली, तो करत गेला.

पलीकडून कुशाबा धावत आला. "दादा, ह्ये काय?"

"भित माजी हाय. फळ्या आत उगडनार. तुला आडवायचं असंल तर तुज्या जाग्यात भित घाल, वीस वर्सं टाइम हाय," गेणबानं एका दमात सांगितलं, आणि वर आवंढाही गिळला.

कुशाबा भोकातून आत बघत राहिला. "मी कशाला भित घालू? वैनीचा खोकला आमाला झोपू देत न्हाई." आणि पलीकडून तोही माती ओढायला लागला.

दुपारी शेवटचं ढेकूळ पडलं. चुलीवरचा धूर जरा घोटाळला आणि मग सरळ बाहेर गेला. उन्हाचा चौकोन साळूबाईच्या तोंडावर पडला. तिनं डोळे उघडले आणि ते गळले नाहीत. केवढी हरखली ती! भाकरी थापता थापता तिनं नवऱ्याकडं बघितलं, तर तो पहार टेकून तिच्या गालाकडं बघत उभा. जळल्याचा डाग होता, चांगला रुपयाएवढा.

"ह्ये काय गं?"

"भाजल्यालं."

"कवा?"

"लगीन होऊन आले त्या सालची दिवाळी."

बावीस वर्षं झाली होती. गेणबा खाली बसला. "मग बोलली का न्हाईस?"

साळूबाईनं भाकरी उलटली. "मला वाटलं, तुमाला दिसतंय."