न सांगितलेला प्रश्न

कासू गावची हौसा पेणच्या गणपतीच्या कारखान्यात आखणी करायची. मूर्तीचे डोळे रंगवण्याचं ते काम. बाकीचं अंग कुणीही रंगवेल, पण डोळ्याला हात लावायचा तो हौसानंच, असं कारखानदारही म्हणायचा. तिशी ओलांडलेली, पाच वर्षांमागं नवरा काविळीनं गेलेला, पदरी मूलबाळ नाही. घरात ती आणि सासू गिरजाबाई, दोघीच. सासूचा जीव तिच्यावर लेकीसारखा.

त्याच कारखान्यातून जनूचा टेंपो मूर्ती घेऊन जायचा. भाताच्या पेंढ्यात मूर्ती बसवताना त्याचा हात इतका हलका, की हौसा रंगाची वाटी खाली ठेवून बघत राहायची. त्याची बायको बाळंतपणात गेली होती. एक दिवस दोरी आवळता आवळता, तिच्याकडं न बघताच तो म्हणाला, "हौसा, पाट लावशील काय माझ्याशी? घाई नाय. माघ सरला की सांग."

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. त्यांच्या जातीत त्याला बंदी नव्हती. गिरजाबाईला कळलं असतं तर तिनंच पुढाकार घेतला असता. पण हौसानं ते तिला सांगितलं नाही. सांगितलं फक्त शकूला.

शकू शेजारची. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन कासूत आल्या, एकाच गाडीनं पेणला कामाला जायच्या. हौसाचा नवरा गेला तेव्हा तेरा दिवस शकूनं तिच्या घरची चूल पेटवली होती. तिच्यापासून काय लपवायचं? जनूच्या डाव्या मनगटावरचा भाजल्याचा व्रणसुद्धा हौसानं तिला सांगितला होता, लाजत लाजत.

"जीव व्हय म्हणतो गो," हौसा म्हणाली, "पण भीती वाटते. पहिला गेला, तो माझ्याच पायगुणानं गेला असंल तर?"

"मग विचारून घे की कुणाला."

विचारायला हौसा एकदा गेलीही होती. पेणला मोघे गुरुजींच्या ओट्यापर्यंत. म्हातारे गुरुजी चष्मा पुसत म्हणाले होते, "जन्मतारीख? वेळ? गाव? आणि विचारायचंय काय, ते सरळ सांगा." हौसाला यातलं काहीच देता येत नव्हतं. भातं झोडायच्या दिवसांत जन्मली, एवढंच आई सांगायची. साल कुणाला ठाऊक! आणि प्रश्न तर तोंडातून फुटणंच शक्य नव्हतं. विधवा बाईनं पेणच्या भर ओट्यावर काय म्हणायचं? "पुन्हा येईन," म्हणून ती परतली.

हे ऐकून शकू हसली. "अगो, रोह्याजवळ वरसे गावात काळुराम बुवा हायत. त्यांना काय पण सांगावं लागत नाय. तारीख नको, वेळ नको, प्रश्न पण नको. नुसतं मनात धरायचं. ते आपणहून सांगतात."

माघी पौर्णिमेला दोघी कासूहून पॅसेंजरनं रोह्याला गेल्या. हौसाचा उपास होता. वरशाला बुवांच्या घरी अंगणात दहा-बारा माणसं बसलेली. शकू म्हणाली, "मी बाहेरच थांबते. तुझं तू एकटीनं ऐक." हौसाला तिचा मोठेपणा वाटला.

बुवांनी तिला समोर बसवलं. पाटावर तांदळाची रास होती. "प्रश्न मनात धर. ओठ हलवू नकोस. फूल ठेव, आणि एक ते एकशे आठ यातला एक आकडा बोल."

"एकेचाळीस."

बुवांनी घड्याळ बघितलं, पंचांग चाळलं, कागदावर चौकट ओढून तिच्यात बारा घरं पाडली आणि आकडे, ग्रह भराभर लिहिले. मग डोळे मिटले.

"तुझ्या मनात माणूस आहे. पुरुष. चाकावरचा धंदा करतो. नावात ज. डाव्या हाताला अग्नीची खूण."

हौसाच्या अंगावर काटा आला.

"तुझं कपाळ एकदा पुसलंय. पाच वर्षं झाली. तुला पुन्हा कुंकू लावावंसं वाटतंय." बुवांनी डोळे उघडले. "लावू नकोस. सातव्या घरात मंगळ आहे. तुझा हात जो धरील तो वर्ष बघणार नाही. पहिला गेला तो त्यानंच."

विचारायला उरलंच काय होतं? ज्याला न सांगता व्रण दिसला, त्याला मरणही दिसलं असणारच. बुवांनी कागदाला कुंकू लावून तो तिला देव्हाऱ्यात ठेवायला दिला. बाहेर शकूनं तिला मिठीत घेतलं. परतीच्या गाडीत हौसा खिडकीला डोकं टेकून रडत होती आणि शकू तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

माघ सरला. जनू उत्तराला आला तेव्हा हौसा डोळ्यांची आखणी करत होती. कुंचला न थांबवता ती म्हणाली, "माझ्या नशिबात नाय. पुन्हा विचारू नको." तो दोरीचं वेटोळं खांद्यावर टाकून गेला. त्या दिवशी तिनं एका मूर्तीचा डोळा बिघडवला, आयुष्यात पहिल्यांदा.

वैशाखात जनूचं लग्न झालं. नवरी शकूची धाकटी बहीण, सरू. तिशीला आलेली, पाय किंचित अधू, म्हणून राहिलेली. हौसाला कळ आली, पण तिनं स्वतःला समजावलं: जनू जिवंत राहणार ना, मग झालं. हळदीला तिनंच ओव्या म्हटल्या. शकूनं तिच्या तोंडात लाडू घातला.

पण मनातला काटा निघेना. तो दोष आपल्या अंगात अजून आहे का? उद्या सासूला काही झालं तर? लग्नानंतरच्या दुसऱ्या श्रावणात तो कागद घेऊन ती पुन्हा मोघे गुरुजींच्या ओट्यावर गेली. ह्या वेळी तिनं सगळं सांगितलं, प्रश्नही.

गुरुजींनी कागद उलगडला. बराच वेळ बघितला.

"बाई, तुम्ही कधी गेला होतात?"

"माघी पौर्णिमेला. उपास होता माझा."

"नक्की?"

"नक्की. चंद्र बघून जेवले."

गुरुजींनी कागद तिच्यासमोर धरला. "हे बघा. जन्माची वेळ ठाऊक नसली तरी पत्रिका मांडता येते, यात खोटं नाही. तिला प्रश्नकुंडली म्हणतात. माणूस ज्या क्षणी विचारतो, त्या क्षणाचं आभाळ कागदावर उतरवायचं. कोणती रास उगवतेय, ग्रह कुठं आहेत. म्हणजे ह्या कागदावर तुम्ही बसला होतात त्या दिवसाचं आभाळ हवं. बरोबर?"

"व्हय."

"पौर्णिमेला सूर्य मावळतो तेव्हा चंद्र कुठं असतो?"

"समोर. उगवत असतो."

"मग पत्रिकेतही तो समोरच हवा. सूर्याचं घर धरून सातव्या घरात, फार तर कडेला असला तर एक घर इकडं-तिकडं. हा सूर्य, कुंभेत. मोजा बोटांनी."

हौसानं मोजलं. कुंभ एक, मीन दोन, मेष तीन, वृषभ चार. चंद्र तिथंच बसला होता.

"चार."

"चार. म्हणजे हा अर्धा चंद्र. अष्टमी-नवमीचा. ही पौर्णिमेची पत्रिका नाहीच. आठवडाभर आधी दुसरं कुणीतरी त्याच्यासमोर बसलं होतं, तेव्हा मांडलेली. तुमच्या वेळेला पुन्हा गणित करायचा कंटाळा केला, तीच उतरवून दिली. तुमचा एकेचाळीस आकडासुद्धा ह्यात कुठं नाही."

हौसा चाचरत म्हणाली, "पण गुरुजी, त्यांनी सगळं ओळखलं. नाव, व्रण..."

"न सांगितलेल्या प्रश्नाला मूक प्रश्न म्हणतात. शास्त्राची त्यात किती धाव आहे ते सांगतो. उगवती रास चर असली तर धातूचा विचार, म्हणजे सोनंनाणं, भांडंकुंडं. स्थिर असली तर मूळ, म्हणजे शेत, झाड, धान्य. द्विस्वभाव असली तर जीव, माणूस किंवा जनावर. एवढंच, आणि तेही चुकतं. मी चाळीस वर्षं बघतोय, निम्म्या वेळा चुकतं. ह्या कागदावर उगवती रास मेष आहे. चर. ह्यावरून बोलायचं तर त्यानं तुम्हाला हरवलेला दागिना सांगायला हवा होता." गुरुजींनी कागद खाली ठेवला. "मनगटावरचा व्रण कुठल्याही घरात लिहिलेला नसतो, बाई. तो माणसाच्या तोंडूनच येतो. तुम्ही कुणाला सांगितलं होतंत?"

ओट्यावर पावसाची झड येत होती. माघातली नवमी तिला आता लख्ख आठवली. शकू त्या दिवशी कामावर आली नव्हती. मामा आजारी आहे म्हणून रोह्याला गेली होती. तिच्या दोन्ही शेळ्यांना सकाळ-संध्याकाळ पाला हौसानंच घातला होता.

"आणि मंगळ?" तिनं विचारलं.

"तो तुमचा नाही. त्या दिवशीच्या आभाळाचा. असला तरी त्यानं माणूस मरत नाही. तुमचा नवरा काविळीनं गेला."

कासूला उतरल्यावर ती घरी गेली नाही. सरळ शकूच्या पडवीत गेली. शकू तांदूळ निवडत होती. हौसानं कागद तिच्या सुपात टाकला.

"नवमीला तू वरशाला गेलीस. माझं सगळं तिथं जाऊन ओकलीस."

शकूनं आधी नाही म्हटलं. मग हौसाचा चेहरा बघून तिचे हात थांबले.

"सरूला तिसावं लागलं होतं," ती म्हणाली. "कोण करणार होता तिला? तुला एकदा संसार मिळाला होता गो, हौसे. तिला एकदापण नाय."

"मला सांगायचं होतंस. जनू तोंडावर मागायचा होतास. मी दिला असता, नसता दिला, मला ठाऊक नाय. पण माझा नवरा माझ्यामुळं मेला, हे मी दीड वर्ष गिळत होते. सासूच्या ताटात वाढायलापण भ्यायचे मी. ते तू बघत होतीस."

शकू रडायला लागली. हौसाला रडू आलं नाही. तिची पाठ जिथं जिथं शकूनं कुरवाळली होती, तिथं तिथं आता आग होत होती.

तिनं हे कुणाला सांगितलं नाही. सरूला काही माहीत नव्हतं, हे तिला सरूच्या डोळ्यांतून कळत होतं, आणि सरूच्या पोटात तेव्हा पाचवा महिना होता. काळुराम बुवांच्या अंगणातली गर्दी तशीच राहिली. हौसानं पेणचा कारखाना सोडला आणि हमरापूरच्या कारखान्यात काम धरलं. शकूबरोबर एका गाडीत बसायचं नव्हतं, एवढंच कारण. गिरजाबाईनं दोन-तीनदा विचारलं, "शकूशी बिनसलं काय गो?" हौसा म्हणायची, "नाय आत्या, वेळ जमत नाय." त्यानंतर म्हातारीनं पुन्हा कधी विचारलं नाही.

हमरापूरलाही जनूचा टेंपो यायचाच. पाच-सहा वर्षांनी, एका भाद्रपदात, पेंढा पसरताना त्यानं मान वर केली. "एक विचारू? तेव्हा नाय का म्हणालीस?"

हौसानं हातातला डोळा पुरा केला. मग म्हणाली, "जे तुला विचारायचं, ते मी भलत्याला विचारायला गेले. तेसुद्धा तोंड न उघडता."

जनूला ते कळलं की नाही, देव जाणे. सरूनं पोराला घेऊन टेंपोतून हाक मारली तसा तो गेला. हौसानं पुढची मूर्ती ओढून घेतली. संध्याकाळपर्यंत अजून अकरा जोड डोळे व्हायचे होते.