दहा अक्षरांचे दोन हजार तीनशे चार शब्द

राग माझ्या नाकावरच असतो, हे आमच्या विभागात सगळ्यांना माहीत आहे. चंडीगडच्या विद्यापीठात शिकवायला लागून मला चौदा वर्षं झाली. सांगलीहून येताना इतर सामान काय आणलं ते विसरले, पण हा राग मात्र जसाच्या तसा आणला. म्हणून त्या मे महिन्यात चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतून एका सुभेदारांच्या बायकोचा फोन आला, तेव्हा मी आधी तिच्यावरच डाफरले.

"मॅडम, पोरगी तुमच्या विषयात नापास झालीय," त्या म्हणाल्या. "दोन दिवस धड जेवली नाही. तिकडं एमएस्सीला नंबर लागलाय तिचा, पण पास झाल्याचा कागद या महिन्यात दिला नाही तर सीट जातीय. तुम्ही आपल्याकडच्या, म्हणून विचारते."

"आपल्याकडची असले म्हणून मार्क वाढवू का?" मी म्हणाले आणि फोन ठेवला. मग चैन पडेना. मुलगी मला ठाऊक होती. तिसऱ्या बाकावर बसायची. मराठी सगळं कळायचं तिला, पण मी मराठीत काही विचारलं तरी उत्तर हिंदीतच यायचं. नापास होण्यातली ती नव्हती. पेपर दुसऱ्याच कुणी काढला आणि तपासला होता. फेरतपासणीचा अर्ज आला, तेव्हा मीच तिची उत्तरपत्रिका मागवून घेतली.

तिला सहा मार्क कमी पडले होते आणि दहा मार्कांच्या एका प्रश्नाला चक्क भोपळा होता. प्रश्न साधा होता. एक छोटं यंत्र काढून दिलं होतं, तीन वर्तुळं आणि त्यांच्यातले बाण. हे यंत्र a आणि b या दोनच अक्षरांचे शब्द वाचतं आणि शब्दात कुठेही a च्या लगेच पुढे b आला की तो शब्द स्वीकारतं. विचारलं होतं, दहा अक्षरांचे किती शब्द ते स्वीकारेल? मॅट्रिक्स वापरून काढा. म्हणजे कुठल्या वर्तुळातून कुठल्या वर्तुळात किती बाण जातात त्याचा तक्ता मांडायचा, त्या तक्त्याचा दहावा घात करायचा आणि सुरुवातीच्या वर्तुळाच्या ओळीत शेवटच्या वर्तुळाखाली जो आकडा येईल तो वाचायचा.

मुलीचं उत्तर होतं एक हजार तेरा. आदर्श उत्तरपत्रिकेत होतं दोन हजार तीनशे चार.

मी चष्मा पुसला. दोन अक्षरं आणि दहा जागा, म्हणजे दोनाचा दहावा घात. दहा अक्षरांचे शब्दच मुळात एक हजार चोवीस. त्यातले दोन हजार तीनशे चार कसे काय स्वीकारले जातील? माझं डोकंच फिरलं. हे वर्गातल्या भिंतीलासुद्धा कळलं असतं!

मी तडक विभागप्रमुखांच्या खोलीत गेले. ते कूलरसमोर बसून लस्सी पीत होते.

"देखिए जी, आन्सर-की तो आन्सर-की है," ते म्हणाले. "पूरे बैच ने यही लिखा है. एक लड़की के लिए की थोड़े बदलेंगे?"

"पूरे बैच ने गलत लिखा है, सर."

मी कागद ओढला आणि दाखवलं. प्रश्नातलं यंत्र असं होतं की a दिसला की त्याला दोन वाटा मोकळ्या. होतं तिथेच थांबायचं, किंवा 'हाच तो a' असं धरून पुढच्या वर्तुळात जायचं. त्यामुळे abab हा एकच शब्द ते दोन वाटांनी स्वीकारतं, एकदा पहिल्या ab च्या भरवशावर आणि एकदा दुसऱ्याच्या. मॅट्रिक्स वाटा मोजते, तिला शब्दांशी देणंघेणं नाही. शब्द मोजायचे तर प्रत्येक शब्दाला एकच वाट राहील असं यंत्र आधी बनवावं लागतं. मुलीने नेमकं तेच केलं होतं. नवं यंत्र काढलं, त्याची मॅट्रिक्स मांडली, दहावा घात केला. वर ताळाही पाहिला होता: ab अजिबात नसलेले शब्द म्हणजे आधी सगळे b आणि मग सगळे a, असे अकराच. एक हजार चोवीस वजा अकरा. एवढं सगळं लिहिलेल्या पानावर लाल पेनाने आडवी रेघ मारली होती.

"किसने बनाई ये की?" माझा आवाज बाहेरच्या शिपायापर्यंत गेला असणार. "जिसने बनाई, उसे पढ़ाने का हक नहीं है!"

प्रमुखांनी शांतपणे ग्लास बाजूला ठेवला, खण उघडला आणि विभागाच्या नोट्सची जाड प्रत माझ्यापुढे टाकली. "तरीका तो यहीं से लिया है, मैडम."

नोट्स माझ्या होत्या. इथे आल्यानंतर दुसऱ्याच वर्षी मी लिहिलेल्या. हेच यंत्र, हीच मॅट्रिक्स, आणि खाली माझंच वाक्य: यंत्र कुठलंही असो, घात करा आणि आकडा वाचा. पुढे मी उदाहरण करून पडताळाही दिला होता, तीन अक्षरांपर्यंत. दोन अक्षरांचा एक शब्द, तीन अक्षरांचे चार. दोन्ही बरोबर. कारण तीन अक्षरांत ab दोनदा बसतच नाही. चार अक्षरांना मॅट्रिक्स बारा म्हणते आणि खरे शब्द अकरा. मी चारपर्यंत गेलेच नव्हते. शितावरून भाताची परीक्षा केली आणि बारा वर्षं तो कच्चा भात पोरांना वाढत राहिले.

मघाशी केलेला सगळा आरडाओरडा आठवला. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला. स्वतःवरचा राग फार वाईट, त्याला आदळआपट करायला जागा मिळत नाही.

प्रमुखांनी सुचवलं, "लिख दीजिए कि सवाल अस्पष्ट था. दोनों जवाबों को मार्क दे देंगे. आपकी भी इज्जत रह जाएगी."

"सवाल साफ था," मी म्हणाले. "जवाब गलत था. मेरा." आणि तसंच लिहून सही केली. नोट्स चुकीच्या, त्यामुळे आदर्श उत्तर चुकीचं, मुलीचं उत्तर बरोबर. बाकीच्यांचे मार्क कापू नका, त्यांनी मी शिकवलं तेच लिहिलंय, हेही त्यात लिहिलं. प्रमुख कपाळावर हात मारून घेत होते, पण कागद पुढे गेला.

तीन दिवसांनी मुलगी पास झाल्याचा कागद घ्यायला आली. दहापैकी दहा. सीट वाचली होती. मी तिला बसवलं आणि नोट्स उघडून चूक दाखवली. माफी मागायची मला सवय नाही, तरी मागितली, मराठीत.

ती रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. मग तिने पिशवीतून स्वतःची झेरॉक्स प्रत काढली. त्याच पानावर समासात पेन्सिलने abab लिहिलेलं होतं आणि पुढे प्रश्नचिन्ह.

"परीक्षेत माझ्या पद्धतीने का नाही लिहिलंस?" मी विचारलं. "पूर्ण मार्क मिळाले असते."

चार वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याशी मराठीत बोलली. शब्द जुळवत, हळूहळू.

"मी वर्गात विचारलं होतं, मॅम. तुम्ही म्हणाला, सिलॅबस संपवायचाय, मध्ये बोलू नको."