पहिल्या कार्डावरचं कुंकू

मी भित्रा माणूस. तोंडवलीच्या मासेमाराच्या पोटी जन्मूनही लाटेला घाबरलो, म्हणून शिकलो, आणि शिकलो म्हणून विलायतेत जाऊन पडलो. साठच्या दशकात तिथे एका बुटांच्या कारखान्यात मी कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायचो. गावी सगळे विचारत, "म्हणजे करतंस काय रे?" आता काय सांगणार कपाळ!

तिथल्या माझ्या पहिल्या खंडेनवमीला आईचं पत्र आलं. आत कागदाच्या पुडीत धामापूरच्या भगवतीचं कुंकू होतं. शेजाऱ्याच्या मुलीकडून तिने लिहून घेतलं होतं, "ज्येच्यार पॉट भरता, तेका खंडेनवमीक कुंकू लाव. इसरू नको." घरी या दिवशी जाळी, नांगर, कोयता, आईची विळी, सगळं धुऊन ओळीने मांडत आणि बाबा एकेकाला बोट टेकवत. ते डोळ्यांसमोर आलं आणि जेवणाच्या सुट्टीत मी डबा बाजूला सारून पुडी उघडली.

माझं हत्यार म्हणजे तीनशे कार्डांचा गठ्ठा. प्रोग्रॅमची एक ओळ एका कार्डावर, प्रत्येक अक्षरासाठी जाड कागदाला पाडलेली भोकं. कुठल्या दुकानाला कुठल्या मापाचे किती बूट पाठवायचे, ते त्या प्रोग्रॅमने काढायचं होतं. दुपारी तो साहेबांसमोर चालवायचा होता. चालला तर नोकरी पक्की, नाही तर सहा महिन्यांची मुदत संपली, चला घरी. आणि गावात तर बाबांनी आधीच पेढे वाटलेले!

खोलीत कोणी नव्हतं. मी बोट पाण्यात बुडवलं, कुंकवात टेकवलं आणि पहिल्या कार्डावर, मोकळी जागा बघून, टिळा लावला. हात जोडले. बरं वाटलं, खरंच बरं वाटलं. ओलं कुंकू ओघळून शेजारच्या भोकात बसलं, ते काही मला दिसलं नाही.

मशीन चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, करड्या केसांच्या, शिस्तीच्या. त्यांनी गठ्ठा लावला, बटण दाबलं. पहिलं कार्ड आत गेलं आणि मशीन थांबलं. लाल दिवा लागला.

ते मशीन प्रत्येक कार्ड दोनदा वाचायचं. तारांचे बारीक ब्रश भोकातून खालच्या धातूला टेकले की त्याला भोक कळायचं. दोन्ही वाचनांतली भोकं जुळली नाहीत की ते अडून बसायचं. पहिल्या ब्रशाला कुंकवाने बुजलेलं भोक दिसलंच नाही. पुढे जाताना कुंकू गळून पडलं आणि दुसऱ्या ब्रशाला ते दिसलं. हे मला उभ्या उभ्या कळलं. लाखमोलाच्या मशीनमध्ये मी आपल्या हाताने पूड घातली होती! साहेब मागे उभे होते.

बाईंनी कार्ड बाहेर काढलं. लाल डाग बघितला, माझं लाल बोट बघितलं.

"अरे देवा, बोट कापलं की तुमचं!"

कार्डाच्या कडेने तिथे रोज कुणाचं तरी बोट कापायचं.

"हो," मी म्हणालो.

"धुऊन या. पट्टी लावते."

हात धुवायच्या खोलीत मी बोट घासलं. खिशात पुडी होती. कोणी बघितली तर? विचारलं तर काय सांगू? मी पुडी उघडली आणि भगवतीचं कुंकू मोरीत ओतलं, वर नळ सोडला. लाल पाणी फिरत फिरत गेलं. आई, मी हे केलं. तुला कधीच सांगितलं नाही.

बोट रुमालात आवळूनच परत आलो. बाईंनी घाईघाईत रुमालावरूनच पट्टी गुंडाळली. मी नव्या कोऱ्या कार्डावर भोकं पाडायच्या यंत्रावर तीच ओळ पुन्हा टंकली, बाईंनी कार्ड जागेवर ठेवलं. या वेळी गठ्ठा सरसर आत गेला. छपाईचं मशीन खडखडायला लागलं. साहेबांनी दोन-चार दुकानांचे आकडे कागदाशी ताडून बघितले, मान हलवली आणि माझ्याशी हात मिळवला. मी पक्का झालो.

पाच वाजता बाई कोट घालून माझ्या टेबलाशी आल्या. "बघू बरं, रक्त थांबलं का?" मी हात मागे घेतला. त्यांनी तो धरलाच आणि पट्टी, रुमाल दोन्ही सोडवलं.

बोट धडधाकट. साधा ओरखडासुद्धा नाही.

आता साहेबांना हाक मारणार, आता संपलं सगळं. बाईंनी बोट वळवून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा कसा झाला असेल, देव जाणे. त्यांनी पर्समधून नवी पट्टी काढली आणि त्या धडधाकट बोटावर सावकाश, नीट गुंडाळली.

"दोन दिवस काढू नका," त्या म्हणाल्या. "लोक विचारतील."