डॉक्टरबाईंचं कार्ड

लग्न होऊन भिवंडीत आले तेव्हा मला चौथीपर्यंतचं वाचता येत होतं, तेही बोट ठेवून. यांचा धामणकर नाक्याजवळ पायाने चालवायच्या मशीनचा छोटा छापखाना होता आणि मदतीला कुणी नव्हतं. म्हणून यांनी मला खिळे जुळवायला शिकवलं. शिशाचं एकेक अक्षर पेटीतल्या त्याच्या घरातून उचलायचं आणि उलटं लावायचं. बोलायला लागत नाही असं काम, मला आवडलं.

एकदा लसीकरणाच्या डॉक्टरबाई पोस्टकार्डाएवढं कार्ड छापायला आल्या. रविवारी शेलार गावात शिबिर होतं. कार्डाच्या मागे बाळाचं नाव आणि तारखा लिहायच्या होत्या, म्हणून मजकूर एकाच बाजूला बसवायचा होता. "आणि वाचता आलं पाहिजे हं," त्या म्हणाल्या. "कमी शिकलेल्या आया आहेत."

मी खिळ्यांच्या पेट्या ठेवायच्या घोड्याआड उभी होते. आमचा धाकटा तेव्हा तिथेच पाळण्यात असायचा. माझ्यासारखीबद्दलच बोलणं चाललं होतं.

यांनी बाईंचा मजकूर होता तसाच लावला, मोठ्या टायपात. कार्डात बरोबर बसला, पण काठापासून काठापर्यंत नुसती अक्षरं. मी बोट ठेवून वाचू लागले तर मधेच ओळ हरवली.

"मुद्दे करू या," हे म्हणाले. "प्रत्येक वयाला एक मुद्दा. 'त्यानंतर', 'तसेच', सगळं उडव. जागा वाचेल."

वाचायला सोपं झालं खरं, पण प्रूफ काढलं तर शेवटचे मुद्दे कार्डाच्या खाली लोंबत होते. परिच्छेदात "दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी ट्रिपल आणि पोलिओ" असं एकदाच होतं. मुद्द्यांत तेच तीनदा आलं, आणि प्रत्येक मुद्द्याची शेवटची ओळ अर्धी कोरी.

"बारीक टाइप लावतो. बसेल."

"मला नाही दिसणार तो."

"तुला कोण वाचायला सांगतंय?"

 मी खालमानेने पाळणा हलवत राहिले. यांनी दोनदा चष्मा पुसला. मग म्हणाले, "बरं बाई, बसव तूच."

खरं सांगायचं तर मला काही सुचलेलं नव्हतं. मुद्दे नीट लावावेत म्हणून पुन्हा खिळे उचलत होते, तर दीड वर्षाच्या मुद्द्याला 'ट्र' संपला. मोठ्या टायपात आमच्याकडे चारच होते, त्यातला एक मघाच्या प्रूफात मोडला होता.

"अहो, ट्र नाही."

"चार वेळा कशाला हवाय तुला ट्र?"

"ट्रिपल चार वेळा आहे ना."

हे थांबले. मग कागदावर पट्टीने रेघा मारायला लागले. वर एकदाच बीसीजी, ट्रिपल, पोलिओ, गोवर. डावीकडे वय, जन्मापासून दीड वर्षापर्यंत. जिथे लस द्यायची तिथे फक्त ठिपका. फुली नको, मी म्हटलं, फुली म्हणजे चुकलं असं वाटतं. तक्ता लागला तेव्हा खाली जागा उरली होती.

मला हुरूप आला. ताप आला तर काय करायचं, साध्या सर्दीत लस चुकवू नये, हेही तक्त्यात घालायचं ठरवलं. शेवटी 'सूचना' म्हणून एक उभं घर केलं. त्या चिंचोळ्या घरात एका ओळीत एक शब्द, फार तर दोन. तक्ता वाढत वाढत मुद्द्यांच्याही खाली गेला आणि बाकीची घरं कोरीच.

हे इतके हसले की धाकटा जागा झाला. "अगं, तक्ता केलास की पडवळ?"

जे पुन्हा पुन्हा येतं त्याला तक्ता बरा, हे मला तेव्हा कळलं. एकदाच सांगायचं ते सरळ वाक्यातच कमी जागेत बसतं. सूचना आम्ही तक्त्याखाली दोन ओळींत लावल्या. मोठ्याच टायपात.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी प्रूफ पाहिलं आणि थेट माझ्या हातात दिलं. "तुमचं बाळ केवढं? त्याला आता काय द्यायचं, बघून सांगा."

माझे कान तापले. यांच्याकडे बघितलं तर हे मशीनला तेल घालण्यात गुंग. मी बोट ठेवलं. साडेतीन महिने. बोट आडवं सरकवलं, ठिपक्यावर थांबवलं, मग वर नेलं. ट्रिपल. पुढचा ठिपका, पोलिओ, मी पुटपुटले. ओळ कुठे हरवली नाही.

"काय म्हणालात? ऐकू नाही आलं," बाई म्हणाल्या.

"मला आलं," हे तेलाची बुदली खाली ठेवत म्हणाले. "बरोबर वाचलं तिने. छापायला घेऊ?"