वक्त्यांसाठी सूचना

वक्त्यांसाठीचं ते दोन पानी सूचनापत्र मी स्वतः लिहिलं होतं, म्हणून राग अजून जात नाही. लॉकडाऊनचे दिवस. नगरच्या आमच्या कॉलेजात वेबिनारांचं पीक आलेलं. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, आपला विषय ऊसतोड कामगारांच्या मुलांचं शिक्षण. नीट करा." मी नीट केलं. स्लाईड आडव्या मापाची, अक्षर मोठं, एका स्लाईडवर पाच-सहा ओळी. फोटोखाली तो कोणी काढला ते लिहायचंच. प्रत्येकाला वीस मिनिटं. दोन मिनिटं उरली की मी चॅटमध्ये लिहीन. आदल्या दिवशी तांत्रिक सराव, सर्वांनी हजर राहायचं. श्रोत्यांचे प्रश्न चॅटमध्ये येतील, मी वाचीन, वक्त्यानं थोडक्यात उत्तर द्यायचं.

वक्ते दोनच. एक आमच्या विषयातले बडे सर, प्रमुख मार्गदर्शक. दुसरी माझी जुनी विद्यार्थिनी. खर्ड्याजवळच्या वस्तीवरची, आईवडील ऊसतोडीला जाणारे. तेच सर तिच्या पीएच.डी.चे गाईड होते. जन्मात पहिल्यांदा ती स्वतःच्या नावानं स्वतःचं काम मांडणार होती. तिनं सूचनापत्र अक्षर न् अक्षर पाळलं. सरावाला एकटी तीच आली, घराच्या पत्र्यावर चढून, कारण खाली रेंज नव्हती. स्लाईड शेअर करून बघितल्या, माइक बंद-चालू करून बघितला. म्हणाली, "सरांनाबी स्लाईडी पाठवल्यात. म्हटलं, बघून घेतील."

सर सरावाला आले नाहीत. "आम्हाला कसला सराव," असा निरोप आला.

वेबिनारच्या दिवशी आपली सवय आडवी आलीच. पडद्यावर समईचा व्हिडिओ लावून दीपप्रज्वलन. मग प्राचार्यांचं प्रास्ताविक, मग सरांचा परिचय, त्यांच्या पुरस्कारांसकट. समोर माणूस नाही, हार नाही, पण मान्यवरांचा थाट सभागृहातलाच. सगळा वेळ त्या पोरीच्या वाट्यातून जात होता आणि मी दात-ओठ खात बसले होते.

सर बोलायला लागले ते थांबेचनात. मी चॅटमध्ये लिहिलं, "सर, दोन मिनिटं." पुन्हा लिहिलं. पुन्हा. स्लाईडनं त्यांचा पडदा भरलेला, चॅट दिसत नव्हतं, आणि ते उघडायचं कसं हे सरावात दाखवणार होते मी! मध्येच बोलून थांबवावं, तर प्राचार्यांचा मेसेज मोबाईलवर हजर: "मान्यवरांना थांबवायचं नसतं."

आणि मग ती स्लाईड आली. उसाच्या पाचटाची कोपी, तिच्या दारात पाटी घेऊन बसलेली लहान मुलगी. खाली कोणाचंही नाव नाही. सर म्हणाले, "माझ्या क्षेत्रभेटीतलं हे चित्र." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं पाठवलेल्या स्लाईडमध्ये हाच फोटो मी पाहिला होता.

तिला सात मिनिटं मिळाली. तिच्या दुसऱ्याच स्लाईडवर तोच फोटो आला. खाली काढणारीचं नाव होतं, पण ते वाचतंय कोण! ती बोलत राहिली. तेवढ्यात चॅटमध्ये प्रश्न पडला, सगळ्यांना दिसेल असा: "सरांचा फोटो वापरताना त्यांची परवानगी घेतली का?"

चोर तीच ठरली होती. सर आधी बोलले, म्हणून.

प्राचार्यांचा लगेच मेसेज: "वाचू नका. वाद नको. आभार घ्या." वाद नको म्हणजे डाग तिच्याच कपाळी राहू दे! मी मोबाईल पालथा घातला, प्रश्न मोठ्यानं वाचला आणि म्हणाले, "वक्त्यांनी थोडक्यात उत्तर द्यावं."

सरांचा माइक सुरू झाला. "अहो, विद्यार्थी उत्साहात करतात असं. मी मोठ्या मनानं..."

"सर, प्रश्न तिला आहे," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. चढू दे, म्हटलं.

तिनं कॅमेरा चालू केला. मागं पत्र्याची कड आणि ऊन. सरावात तिची भाषा कशी घासूनपुसून घेतली होती आम्ही. आता ती सगळी गळून पडली.

"परवानगी न्हाई घेतली," ती म्हणाली. "फोटो माझ्या मोबाईलवर माझ्या बहिनीनं काढलाय. पाटी घेऊन बसलीय ती तिची पोरगी. आन् सर, कोपीच्या मागं बघा. डोक्यावर मोळी घेऊन पाठमोरी चाललीय ना, ती मी हाय."