अंगठ्यावरची चादर

मॉलमधल्या परफ्युमच्या काउंटरवर आम्हाला बसायला स्टूल नाही, आणि बंद काळे बूट मात्र सक्तीचे. त्या बुटांत माझ्या अंगठ्याची पार वाट लागली. नखाची कड मांसात शिरली आणि बाजूची कातडी लाल होऊन टम्म सुजली. आई रोज कोमट मिठाच्या पाण्याचा टब पुढे सरकवायची. म्हणायची, "पाय बुडवून बस, आणि त्या नखाला हात लावू नकोस गं." मी लावायचेच. ठणका असह्य झाला की नेलकटरने कोपरा खोलवर कापायचे. चार दिवस बरं वाटायचं, मग वाढणारं नख आणखी आत रुतायचं. शेवटी पू झाला, कडेला ओलं लाल मांस वाढलं, मोजे रक्ताने चिकटायला लागले. रात्री अंगठ्यावर चादरसुद्धा सहन होईना. एकदा तर मी चिडून चांगल्या पायाने टबच लाथाडला. आई लादी पुसत राहिली.

घाटकोपरच्या सर्जनने पाय पाहिला. "सुरुवातीला भिजवून भागलं असतं. आता अंगठा बधिर करून नखाची रुतलेली कड काढावी लागेल."

"अख्खा अंगठा काढा," मी म्हटलं, "पण हे थांबवा."

अंगठ्याच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी सुई टोचली तेव्हा मी दात आवळून पडून राहिले. थोड्या वेळाने त्यांनी चिमट्याने तीच सुजलेली जागा दाबून पाहिली, आणि मला रडू फुटलं.

ते थांबले. "अजून दुखतंय?"

"नाही," मी म्हटलं. "म्हणूनच."